पडद्याच्या अलीकडे बसून बघता येईल अशी मालिका

«घरी आम्ही तिघी आहोत: मी, सासूबाई आणि नुकतीच बारावी झालेली मुलगी. मुलीला नर्सिंगला जायचे आहे, म्हणून रुग्णालयावरची एखादी मालिका एकत्र बघायची ठरवली. पहिल्याच भागात दहाव्या मिनिटाला पोट उघडलेले दाखवले आणि मला घेरी आली. रुग्णालयाचे खरे चित्रही असेल, माणसांच्या गोष्टीही असतील आणि मला शेवटपर्यंत बघता येईल, अशी मालिका कशी निवडावी?» (एक गृहिणी, सोलापूर)

मी सोलापुरात गेली बावीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञाची जागा रुग्णाच्या डोक्याशी असते. रुग्णाच्या छातीच्या वर हिरवे किंवा निळे कापड उभे ताणून बांधलेले असते. त्याच्या पलीकडे सर्जन आणि उघडलेले पोट असते, तर अलीकडे रुग्णाचा चेहरा, श्वासाची नळी, सलाईन, मॉनिटर आणि आम्ही असतो. पलीकडे काय चालले आहे हे मला बहुतेक वेळा रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनच्या नळीच्या आवाजावरून, मॉनिटरच्या सुरावरून आणि सर्जनच्या बोलण्यावरून कळते. उठून डोकावण्याची गरज क्वचितच पडते. रुग्णालयावरच्या मालिका बघताना मी याच कापडाच्या हिशेबाने बघते. कॅमेरा पलीकडे उभा आहे की अलीकडे, हे मला प्रत्येक मालिकेत पहिल्या अर्ध्या तासात कळते, आणि तुमच्यासारख्या प्रेक्षकाची निवडही मुख्यतः त्यावरच ठरावी असे मला वाटते.

त्याआधी तुम्हाला झाले ते नेमके काय, हे थोडे समजून घ्यायला हवे, कारण रक्त न बघवणारी माणसे दोन प्रकारची असतात आणि दोघांसाठी एकच मालिका योग्य ठरत नाही. काहींना फक्त किळस येते. तोंड वळवले की ती जाते. दुसऱ्या प्रकारात रक्त, सुई किंवा जखम दिसताच आधी छाती धडधडते, रक्तदाब क्षणभर वाढतो, आणि लगेच नाडी मंदावून रक्तदाब झपाट्याने उतरतो. मेंदूला रक्त कमी पडते, कानात घूं घूं होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, थंड घाम फुटतो आणि माणूस कोसळतो. भीतीच्या इतर बहुतेक प्रकारांत रक्तदाब वाढलेलाच राहतो. उंचीला किंवा पालीला घाबरणारा माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या भीतीत मात्र पडतो. शंभरात साधारण तीन-चार जणांना ही भीती असते, ती पुष्कळदा एकाच घरात अनेकांना असते, आणि तिचा धीटपणाशी काही संबंध नाही. शस्त्रक्रिया प्रथमच बघायला उभे राहिलेले धडधाकट विद्यार्थी भिंतीला टेकून खाली घसरताना मी अनेकदा पाहिले आहेत. तुम्ही घेरी म्हणता, त्यावरून तुम्ही दुसऱ्या प्रकारातल्या असाव्यात असे दिसते. त्यामुळे «थोडे बघत राहिलात की सवय होईल» हा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. तुमच्या बाबतीत नुसते बघत राहणे म्हणजे पुन्हा पडणे.

अशा प्रेक्षकासाठी रक्ताच्या प्रमाणापेक्षा ते कसे येते हे अधिक महत्त्वाचे असते. दोन भागांत सारखेच रक्त असले, तरी एकात हात धुणे, गाऊन घालणे, कापडे अंथरणे, दिवा फिरवणे अशी तयारी दाखवून मग चीर येते, आणि दुसऱ्यात गप्पा मारणारा माणूस अचानक रक्ताची उलटी करतो. पहिल्यात तुम्हाला नजर खाली घालायला अर्धे मिनिट मिळते. दुसऱ्यात काहीच मिळत नाही. आवाजाकडे तर फारच थोडे लोक लक्ष देतात. हाड कापण्याच्या करवतीचा किंवा सक्शनच्या नळीचा आवाज डोळे मिटले तरी ऐकू येतोच, आणि डोळे मिटल्यावर मन त्याचे चित्र स्वतःच काढते, जे पडद्यावरच्या चित्रापेक्षा सहसा वाईट असते.

आता खरेपणाविषयी. रक्त जास्त म्हणजे मालिका खरी, हा समज मला मुळीच मान्य नाही. रबराचे आतडे आणि लाल पाक आणणे सोपे असते. रुग्णालयाची रीत दाखवणे कठीण असते. मी एखाद्या मालिकेची पारख करताना मुख्यतः दोन-तीन गोष्टी बघते आणि त्या सगळ्या कापडाच्या अलीकडच्या आहेत. पहिली म्हणजे मॉनिटरवरची रेषा सपाट झाल्यावर डॉक्टर छातीवर विजेचा झटका देतात का. देत असतील, तर लेखकाने डॉक्टरांना विचारलेले नाही. तो झटका हृदयाचे स्नायू ताल सोडून नुसते थरथरत असताना किंवा अतिवेगाने धावूनही नाडी लागत नसताना उपयोगी पडतो. रेषा पूर्ण सपाट असेल तर छाती दाबत राहणे आणि ॲड्रेनलिन देणे हाच मार्ग असतो. दुसरी गोष्ट, छाती दाबल्यावर किती जण उठून बसतात. १९९६ साली अमेरिकी डॉक्टरांनी दूरचित्रवाणीवरच्या अशा प्रसंगांची मोजणी करून वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. त्यात पडद्यावरचे सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण त्या क्षणी तरी वाचत होते. प्रत्यक्षात हे प्रमाण त्याच्या जवळपासही नसते, आणि नातेवाइकांशी बोलताना आम्हाला त्या समजुतीची किंमत मोजावी लागते. तिसरी गोष्ट अगदी माझ्या कामातली. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्याचा मॉनिटर प्रत्येक ठोक्याला टिक करतो आणि रक्तातला ऑक्सिजन घटू लागला की त्या टिकटिकीचा सूर खाली उतरतो. आम्ही पाठमोऱ्या असलो तरी तो उतरता सूर ऐकून वळतो. ज्या मालिकेत हा सूर जपला आहे, तिथे कुणीतरी शस्त्रक्रियेच्या थिएटरमध्ये खरोखर उभे राहून ऐकले आहे, असे मी समजते.

या कसोट्या लावल्या की नामांकित मालिकांपैकी काही तुमच्यासाठी लगेच बाजूला पडतात. २०२५ ची ‘द पिट’ ही अमेरिकी मालिका माझ्या मते आजवरच्या सर्वांत खऱ्या मालिकांपैकी आहे. पिट्सबर्गमधल्या आपत्कालीन विभागाची एकच पाळी, एक भाग म्हणजे एक तास, असे पहिल्या पर्वाचे पंधरा भाग आहेत. परंतु तिचा कॅमेरा सरळ जखमेवर वाकतो आणि काहीही सांगून येत नाही. मुलीने ती स्वतंत्रपणे जरूर बघावी, तुम्ही नको. ‘मुंबई डायरीज’चे पहिले पर्व २६/११ च्या रात्रीच्या रुग्णालयाचे आहे, त्यात माणसे चांगली उभी केली आहेत, पण विषयच गोळ्यांच्या जखमांचा आहे. ‘हाउस’मध्ये रक्त मध्यम आहे, मात्र तिची एक खोड लक्षात ठेवा: जवळजवळ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, शीर्षक येण्याआधी, कुणीतरी अनपेक्षितपणे कोसळते, आणि पुढे पाठीच्या कण्यातल्या सुया व झटके येतच राहतात. शिवाय ती डॉक्टरच्या हुशारीची मालिका आहे. रुग्ण हे तिथे कोडे असते. ‘कॉल द मिडवाइफ’ ही १९५० च्या दशकात सुरू होणारी, पूर्व लंडनमधल्या सुईणींची मालिका सासूबाईंना फार आवडेल असे मला वाटते, पण तिच्यात जवळजवळ प्रत्येक भागात बाळंतपण आहे, तेव्हा ते कितपत सोसते ते आधी बघा.

तुमच्या घरासाठी मी जी मालिका सुचवेन, ती कोरियन ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ आहे. तिची दोन पर्वे २०२० आणि २०२१ साली आली आणि प्रत्येक पर्वात बारा भाग आहेत. १९९९ साली एकाच वैद्यकीय महाविद्यालयात भेटलेले पाच मित्र चाळिशीच्या उंबरठ्यावर एकाच मोठ्या रुग्णालयात काम करतात: एक यकृत प्रत्यारोपण करतो, एक मुलांचा सर्जन आहे, एक हृदयाचा, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि पाचवी मैत्रीण मेंदूची सर्जन. फावल्या वेळात ते पाचही जण मिळून जुनी गाणी वाजवतात, तेही फारसे बरे नाही. या मालिकेत खलनायक जवळजवळ नाहीच. आजार आहे, पैसा आहे, घरच्यांचे रुसवे आहेत आणि रात्रपाळीचा थकवा आहे, आणि आमच्या व्यवसायात बहुतेक दिवस एवढ्यावरच भरतात.

तिच्यात शस्त्रक्रिया नाहीत असे समजू नका. त्या आहेत, आणि काही ठिकाणी उघडलेला अवयवही दिसतो. फरक असा, की शस्त्रक्रिया जवळजवळ नेहमी सांगून येते. आधी तपासणी होते, मग नातेवाइकांना समजावून सांगणे, मग बाहेरच्या कट्ट्यावर वाट बघणारी आई, मग हात धुणारा डॉक्टर, आणि त्यानंतर दिवे. थिएटरच्या आतही कॅमेरा पुष्कळ वेळ मास्कच्या वरच्या डोळ्यांवर राहतो. म्हणजे हात धुताना दिसले की नजर खाली घालावी आणि थिएटरबाहेर कुणी बोलू लागले की वर करावी, एवढा नियम तुम्हाला पुरेल. मी हा नियम प्रत्यक्ष वापरून पाहिलेला आहे. त्याविषयी पुढे सांगते.

खरेपणा म्हणजे काय, हे दाखवणारा त्यातला एक प्रसंग सविस्तर सांगते. एका गरोदर बाईच्या बाळाच्या मेंदूची वाढच झालेली नसते आणि ते जन्मल्यावर जगणार नाही हे ठाऊक असते. स्त्रीरोगतज्ज्ञ आपल्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरला सांगतो की बाळ बाहेर आले की संगीत मोठ्याने लावा आणि बाळाचा आवाज आईच्या कानी पडू देऊ नका. शिकाऊ डॉक्टरला हा माणूस दगड वाटतो आणि ती मनातून चिडते. नंतर एक अनुभवी परिचारिका तिला समजावते, की त्या आईने बाळाचा एकदाच उमटलेला आवाज ऐकला असता, तर तो तिला जन्मभर सोडणार नव्हता. हा निर्णय बरोबर होता की नाही यावर आम्हा सहकाऱ्यांत चांगलाच वाद झाला. आईला बाळाला कवेत घेऊ द्यावे, असे मानणारे आज अनेक जण आहेत आणि मीही त्यांच्या बाजूला झुकते. पण प्रसूतिगृहात असे प्रश्न असेच येतात, दोन मिनिटांत उत्तर मागतात, आणि त्याचा अर्थ लावणारी व्यक्ती पुष्कळदा परिचारिकाच असते. मुलीला नर्सिंगला जायचे असेल तर हा एक प्रसंग तिला दहा रक्ताळलेल्या प्रसंगांपेक्षा अधिक सांगेल. आणि त्याचा सगळा भार आवाजावर आहे, रक्तावर नाही. एक सूचना मात्र द्यायला हवी: घरात कुणी नुकतेच बाळ गमावले असेल, तर हा भाग तेवढा पुढे ढकला.

या मालिकेच्या उणिवाही आहेत. एक भाग तासाभरापेक्षा बराच मोठा असतो. रात्री साडेनऊला जेवण आटोपून बसलात तर मध्येच थांबावे लागेल. सगळेच डॉक्टर इतके हळवे आणि सज्जन आहेत की आमच्या क्षेत्रातल्या माणसाला अधूनमधून हसू येते. आणि भाषेचा एक प्रश्न आहे, जो रक्ताशीच जोडलेला आहे. उपशीर्षके वाचत बघायचे झाले, तर संवाद कळण्यासाठी नजर पडद्यावरच ठेवावी लागते. खाली मान घातली की गोष्ट सुटते. म्हणून तुमच्या खात्यात हिंदी आवाज मिळतो का ते आधी बघा. मिळाला तर डोळे मिटूनही गोष्ट हातातून जाणार नाही, आणि सासूबाईंचीही सोय होईल. नसेल, तर त्या दोन मिनिटांपुरते मुलीने मोठ्याने वाचून दाखवावे.

भाषेची अडचण नको असेल तर २०२५ ची हिंदी ‘ग्राम चिकित्सालय’ घ्या. पाचच भाग आहेत. शहरातला तरुण डॉक्टर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तर तिथे रुग्णच येत नाहीत. सगळे गावातल्या बिनपदवीच्या डॉक्टरकडे जातात. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडच्या केंद्रात ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना त्यातले कागदपत्र, औषधांचा साठा आणि रिकामी ओपीडी ओळखीची वाटेल. शस्त्रक्रियेचा प्रश्नच तिथे फारसा येत नाही. इंग्रजी चालत असेल तर २००१ साली सुरू झालेली ‘स्क्रब्ज’ हाही चांगला पर्याय आहे. वीस-बावीस मिनिटांचे भाग, वरवर विनोदी, पण शिकाऊ डॉक्टरची भीती आणि थकवा तिने जितका अचूक पकडला आहे तितका गंभीर मालिकांनीही क्वचितच पकडला असेल. पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागात तीन शिकाऊ डॉक्टरांचे तीन रुग्ण आहेत, आणि तिघेही जातात. रक्त जवळजवळ नाही. रुमाल मात्र जवळ ठेवा.

कोणतीही मालिका लावण्याआधी वयाची खूण बघून निर्णय घेऊ नका. आपल्याकडे पडद्यावर U/A 13+, U/A 16+ किंवा A असे दिसते, पण त्यात शिव्या, हिंसा, शरीरसंबंध, नशा असे सगळे एकत्र मोजलेले असते; शांतपणे केलेल्या शस्त्रक्रियेतले रक्त त्या खुणेवरून कळत नाही. त्यापेक्षा IMDb वर मालिकेच्या पानावर Parents Guide हा भाग उघडा आणि त्यातले Violence & Gore वाचा. doesthedogdie.com या संकेतस्थळावर तर रक्त आणि सुई यांविषयी वेगवेगळे प्रश्न असतात आणि प्रेक्षकांनी त्यांची हो-नाही अशी उत्तरे दिलेली असतात. दोन्हींकडे गोष्ट फुटण्याचा धोका आहे, म्हणून हे वाचन मुलीवर सोपवा. तिने फक्त «हा भाग चालेल» किंवा «सोळाव्या मिनिटाला मान खाली» एवढेच सांगावे.

आता माझ्या घरचा अनुभव. माझ्या वहिनी तुमच्यासारख्याच. रक्ततपासणीला गेल्या की प्रयोगशाळेत आडव्या होतात, आणि एकदा आमच्या दिवाणखान्यात अपघाताचा प्रसंग बघून खुर्चीवरून घसरल्या होत्या. मे महिन्यातली रात्र होती, वीज गेलेली आणि नुकतीच आलेली, त्यांचा उपवास होता आणि दिवसभर पाणीही बेताचेच प्यायलेले. आपल्याकडचा उन्हाळा, रिकामे पोट आणि कमी पाणी यांमुळे रक्तदाब आधीच उतरलेला असतो, मग पडद्यावरचे अगदी थोडे निमित्तही पुरते. पुढच्या वेळी आम्ही क्रम बदलला. आधी जेवण, मग ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’. खोलीतला दिवा चालू, आवाज निम्मा, आणि वहिनी खुर्चीऐवजी गादीवर लोडाला टेकून. पहिल्या दिवशी मी बाजूला बसले आणि पडद्यावर हात धुणे दिसले की त्यांना स्नायू आवळायला सांगितले. हात, पोट आणि मांड्या एकाच वेळी घट्ट आवळायच्या, दहा-पंधरा सेकंद, चेहरा किंचित गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सैल सोडायचे, पण एकदम गळून जायचे नाही. असे पाच वेळा. श्वास रोखायचा नाही. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात रक्ताच्या भीतीसाठी ही पद्धत बसवली. तिचे तर्कशास्त्र सोपे आहे: आवळलेले स्नायू रक्त वर ढकलतात आणि उतरू पाहणारा रक्तदाब धरून ठेवतात. म्हणूनच अशा वेळी «शांत व्हा, अंग सैल सोडा» असे सांगणे उलटे पडते. अंग सैल सोडले की रक्तदाब आणखी उतरतो.

दुसऱ्या भागात एका ठिकाणी वहिनींचा अंदाज चुकला आणि नजर वेळेत खाली गेली नाही. कानात घूं घूं सुरू झाल्याचे त्यांनी सांगितले, आम्ही मालिका थांबवली, त्या आडव्या झाल्या, पाय लोडावर ठेवले आणि तीन-चार मिनिटांत ठीक झाल्या. त्यांच्या आईने कांदा आणायला स्वयंपाकघरात धाव घेतली होती. त्याची गरज नव्हती. आडवे करणे आणि पाय वर ठेवणे पुरते. पडणाऱ्याला उभे धरून ठेवणे किंवा लगेच तोंडात पाणी ओतणे हे मात्र टाळायचे. सहाव्या भागापासून त्यांना मी शेजारी असण्याची गरज उरली नाही.

तुम्हाला घेरी फक्त रक्त किंवा सुई बघून येत असेल तर हे सगळे घरी करायला हरकत नाही. गरोदर असाल, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर स्नायू आवळण्याआधी डॉक्टरांना विचारा. काहीही न बघता, जिना चढताना किंवा छातीत धडधड होऊन घेरी आली असेल, तर ती वेगळी बाब आहे. मालिका बाजूला ठेवा आणि आधी हृदयाचा आलेख काढून घ्या, सिव्हिलच्या ओपीडीतही तो निघतो.

सुरुवात ‘ग्राम चिकित्सालय’चे पाच भाग बघून करा, म्हणजे मान खाली घालण्याची आणि वर करण्याची लय रक्ताविनाच बसेल. त्यानंतर ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’चा पहिला भाग रविवारी दुपारी, जेवल्यावर लावा. त्या भागात एक लहान मूल दगावते आणि मुलांचा सर्जन आपल्या भावापुढे रडून नोकरी सोडायची भाषा करतो. तिथे मुलीकडे बघा; ती काय विचारते, ते तुम्हाला नर्सिंगच्या प्रवेशाआधी कळलेले बरे.